चातकाला आता रजा द्या

आमच्या सोसायटीत आषाढीला भजन असतं. यंदा कुणीतरी म्हणालं, पावसावर एखादा नवा अभंग हवा. मी हौसेने हात वर केला आणि त्याच रात्री हे लिहिलं:

चातकासमान, व्याकुळ हे मन,
घननीळ घन, बरसावा.

मोजून बघा. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. माझं सगळं बरोबर होतं. कोड कंपाइल झाला, एरर एकही नाही. फक्त तो काहीच करत नव्हता.

कारण मी आयुष्यात चातक पाहिलेला नाही. तुम्हीही बहुतेक पाहिला नसेल. तरी दर जूनमध्ये नवी भक्तिगीतं येतात आणि त्यात तोच चातक, तोच मोर, तोच सावळा मेघ. याला आपण परंपरा म्हणतो. माझ्या मते हा आळस आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला जात्यावर दळायला बसवलं, सावता माळ्यांना तो मळ्यातल्या भाजीत दिसला. त्यांनी हाताखालची वस्तू उचलली. आपण त्यांचे शब्द उचलतो आणि हात रिकामेच ठेवतो.

याच्या उलट टोकाचा आळसही आहे: ‘विठ्ठल माझं नेटवर्क, नाम माझा रिचार्ज’. वस्तू रोजची आहे, पण तिच्यावर देवाचं लेबल चिकटवलंय, एवढंच. लेबल काढलं की खाली जाहिरात उरते. माझी कसोटी साधी आहे. देवाचं नाव झाका आणि बघा, त्या वस्तूच्या आपल्या व्यवहारात वाट पाहणं आणि पुन्हा उभं राहणं आहे का? नसेल तर ती प्रतिमा गाण्यात कामाची नाही.

मला अशी गोष्ट घरातच सापडली: दुबार पेरणी. आमच्याकडे, लातूर जिल्ह्यात, सोयाबीन पेरतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. पण पहिली चांगली सर आली, शेजाऱ्याने तिफण काढली, की कुणाला धीर धरवतो? मग पाऊस दडी मारतो. कोंब करपतात. बियाण्याची पिशवी पुन्हा आणायची, तीही उसनवारीवर. एका वर्षी बाबांनी असं दोनदा पेरलं. दुसऱ्या पेरणीच्या दिवशीही त्यांनी पहिली मूठ नाव घेऊनच टाकली. आधीच्या मुठीचं काय झालं ते माहीत असूनही. मला भक्ती म्हटल्यावर हेच आठवतं.

पहिल्या सरीला, पेरले मी दाणे,
मातीत उताणे, वाळलेले.

आभाळ येऊन, रोज जाई पुढे,
शेत हे कोरडे, बघे वर.

उसनी पिशवी, आणली मी पुन्हा,
माझा काय गुन्हा, सांग देवा.

तीच आहे माती, तेच दोन हात,
दुसऱ्यांदा आत, तुझे नाव.

खरी अडचण चार अक्षरांच्या शेवटच्या चरणात येते. तिथे हात आपोआप ‘पाहोनिया’, ‘जाणोनिया’कडे जातो. चार अक्षरं भरतात, जुनेपणाचा वासही येतो, पण त्या शब्दाने काहीच घडत नाही. दुसऱ्या कडव्यात माझं आधी ‘पाहोनिया’च होतं. ते खोडून ‘बघे वर’ लिहिलं आणि शेताला मान फुटली. तुमच्या कच्च्या खर्ड्यात ‘-निया’ मोजा. दोनपेक्षा जास्त असतील तर तुम्ही संतांची नक्कल करताय.

‘पुढे’ आणि ‘कोरडे’ हे यमक पूर्ण जुळत नाही, हे मान्य. गाताना खपतं. पण ‘कोरडे’च्या जागी चांगलं जुळणारा खोटा शब्द खपला नसता.

अभंग भजनाच्या ग्रुपवर टाकला. एक काका म्हणाले, “छान आहे रे, पण सणाच्या दिवशी रडगाणं नको. काहीतरी प्रसन्न दे. आणि देवाला गुन्हा विचारायचा म्हणजे...” काका, देवाशी भांडण हा वारकऱ्यांचा जुना हक्क आहे. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावलंय, ते गाथेत छापलेलं आहे. आणि प्रसन्न म्हणजे नेमकं काय? पहिलं कडवं काढलं तर चौथ्यातल्या ‘दुसऱ्यांदा’ला अर्थच उरत नाही. जे करपलं ते सांगितल्याशिवाय पालवीचं गाणं कसं म्हणणार?

शेवटी कार्यक्रमात चातकवालं कडवं घ्यायचं ठरलं. चाल सोपी आहे म्हणे.

दुसरा अभंग मी फोनवर बाबांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उसनी नव्हती रे. तुझ्या आईच्या पाटल्या होत्या.”

‘पाटल्या मोडून’. सहा अक्षरं बरोबर बसतात. तिसरं कडवं बदललंय.