रोजमेळ आणि बँकेची जमा : मधले ‘येणे’



बारामतीच्या कापड व भांडी बाजारातील बहुतेक पेढ्यांवर आता रोकड विक्रीपेक्षा क्यूआर आणि कार्डाची विक्री अधिक होते. रोकड मोजण्याची आपली रीत मात्र जुनी आणि पक्की आहे. रात्री गल्ला मोजला, रोजमेळाची शिल्लक जुळली, की दिवस संपला. क्यूआर व कार्डाच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी काय होते, तर महिनाअखेरीस बँकेचा उतारा काढून करसल्लागाराकडे पाठविला जातो आणि विक्री व जमा यांच्यात जो फरक निघेल तो ‘बँक खर्च’ या नावाखाली टाकून दिला जातो. त्या फरकात बँकेचे शुल्क किती, उद्या येणारी रक्कम किती आणि कधीच न येणारी रक्कम किती, हे कोणी पाहत नाही. या लेखात त्या तिसऱ्या रकमेचा माग काढावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्राहकाने पैसे दिले आणि आपल्या खात्यात ते जमा झाले, या दोहोंमध्ये एक मुक्काम असतो. आपल्या बँकेने दिलेला क्यूआर थेट चालू खात्याशी जोडलेला असेल, तर हा मुक्काम जवळपास नसतोच. प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे, 12 अंकी क्रमांकासह उताऱ्यात दिसतो. परंतु ध्वनिपेटी देणाऱ्या पेमेंट कंपन्यांच्या क्यूआरवर आलेले पैसे अनेकदा प्रथम कंपनीकडे गोळा होतात आणि तेथून एका ठोक रकमेने आपल्या खात्यात येतात. कार्ड यंत्राचेही तसेच. दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा, म्हणजे बॅच, बंद झाल्यावर साधारणपणे पुढील कामकाजाच्या दिवशी शुल्क वजा होऊन ठोक रक्कम येते. ध्वनिपेटी ‘रुपये प्राप्त झाले’ असे म्हणते, तेव्हा ते कंपनीस प्राप्त झालेले असू शकतात.

म्हणून विक्री एकदम बँकेच्या नावे लिहू नये. रोजमेळात ‘क्यूआर येणे’ आणि ‘कार्ड येणे’ अशी दोन खाती उघडावीत. विक्रीच्या दिवशी त्यांच्या नावे लिहावे आणि बँकेत पैसे आले की त्यांना जमा द्यावे. कोणाची बारामतीत पेढी आणि इंदापुरात शाखा असेल आणि दोन्हींचे पैसे एकाच चालू खात्यात येत असतील, तर दोन्हींची ‘येणे’ खाती निराळी ठेवावीत. प्रत्येक कार्ड यंत्रास स्वतःचा `TID` क्रमांक असतो; त्यावरून कोणती जमा कोणत्या दुकानाची हे कळते.

आता उदाहरण घेऊ. समजा, बारामतीतील एका साड्यांच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकूण 92,160 रुपयांची विक्री झाली. त्यात रोख 18,400, क्यूआरवर 41,260 आणि कार्डाने 32,500. मालक चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी घरी गेले, गल्ल्यावर मुलगा बसला. आपल्यापैकी अनेकांकडे हे रोजचेच आहे आणि म्हणूनच सायंकाळच्या दोन तासांतील व्यवहार बहुधा कोणीतरी दुसराच पाहत असतो.

रात्री दुकान बंद करताना पहिली जुळणी करावयाची. तिच्यात बँकेचा संबंध नाही. एका बाजूस रोजमेळ, दुसऱ्या बाजूस यंत्राचा बॅच अहवाल आणि कंपनीच्या ॲपमधील दिवसाची यादी. रक्कम पाहण्याआधी व्यवहारांची संख्या पाहावी. रोजमेळात कार्डाचे सात व्यवहार होते. बॅच अहवालात निघाले सहा आणि बेरीज 28,000. फरक 4,500 रुपयांचा, एका व्यवहाराचा.

सात बिलांशी सहा चार्ज स्लिपा लावून पाहिल्या तेव्हा कळले, की एका बिलास स्लिपच नाही. सायंकाळी जाळे गेले होते, यंत्र थांबले. परंतु बाईंच्या मोबाईलवर ‘खात्यातून 4,500 रुपये वजा’ असा संदेश आला. तो पाहून मुलाने साडी दिली. त्यात कोणाचेच कपट नव्हते. बाईंचे पैसे खरोखरच वजा झाले होते. ते दुकानाकडे निघाले मात्र नव्हते.

अशा व्यवहाराचे पुढे काय होते? रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, कार्डधारकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानात पुष्टी मिळाली नाही, म्हणजे स्लिप निघाली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत आपोआप ग्राहकाच्या खात्यात परत गेली पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास ग्राहकाला दररोज 100 रुपये भरपाई मिळते. यूपीआयने दुकानदारास दिलेल्या पैशालाही हाच नियम आहे. हा नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे; परंतु दुकानदाराने नीट समजून घ्यावे, की यात पैसे दुकानाकडे येत नाहीत, ग्राहकाकडे परत जातात. शनिवारचा व्यवहार असेल तर गुरुवारपर्यंत बाईंच्या खात्यात 4,500 रुपये परत येतील, साडी त्यांच्याकडेच असेल आणि कदाचित त्यांच्या हे लक्षातही येणार नाही. महिनाअखेरीस हा फरक सापडला तर बिलावरचे नाव आठवणेही कठीण. बँकेकडे तक्रार करून उपयोग नाही, कारण बँकेच्या दृष्टीने विक्री झालीच नाही.

शनिवारीच रात्री हे सापडले, तर काम सोपे आहे. ज्या बँकेचे यंत्र आहे तिच्या मदत क्रमांकावर `TID`, रक्कम आणि वेळ सांगून तो व्यवहार मंजूर झाला होता का, याची खात्री करावी. नसेल तर ग्राहकास फोन करून सरळ सांगावे, ‘ताई, आपले पैसे आम्हांला मिळालेले नाहीत, ते गुरुवारपर्यंत आपल्याच खात्यात परत येतील, आले की कृपया क्यूआरवर पाठवा.’ परत येण्याआधीच दुसऱ्यांदा पैसे मागू नयेत, असे माझे मत आहे. तोवर ही रक्कम ‘कार्ड येणे’मध्येच, त्या बिलाच्या क्रमांकासह उभी राहू द्यावी. मुलास मात्र त्याच रात्री सांगावे, की ग्राहकाच्या मोबाईलवरचा संदेश म्हणजे आपली पावती नव्हे. यंत्राची स्लिप किंवा आपल्या ॲपमधील नोंद, या दोनच पावत्या. खोटा स्क्रीनशॉट दाखविणाऱ्यांनाही हाच बांध पुरतो.

दुसरी जुळणी सकाळची. ती यंत्र आणि बँक यांच्यातली. रविवारी सकाळी क्यूआरची ठोक रक्कम 39,310 रुपये जमा झाली. विक्री 41,260 होती, म्हणजे 1,950 कमी. आता येथे पुष्कळांची फसगत होते. ते यादीत 1,950 रुपयांचा व्यवहार शोधत बसतात आणि तो सापडत नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. या दुकानाच्या करारात कंपनीचा दिवस रात्री 8 वाजता संपतो, असे समजू. आठनंतर आलेले 1,650 आणि 1,200, एकूण 2,850 रुपये, पुढच्या हप्त्यात गेले. आणि शुक्रवारी आठनंतर आलेले 900 रुपये या हप्त्यात आले. 2,850 मधून 900 गेले की 1,950 उरतात. दोन दिवसांच्या कडा एकमेकींत मिसळल्या एवढेच. म्हणून नुसत्या बेरजेवरून जुळणी करू नये. ॲपमधील हप्त्याच्या अहवालात त्या ठोक जमेचा `UTR` क्रमांक आणि तिच्यात सामील असलेल्या व्यवहारांची यादी असते. बँकेच्या उताऱ्यातील `UTR` त्याच्याशी लावावा, मग यादी रोजमेळाशी. त्या सकाळी ‘क्यूआर येणे’ची शिल्लक पाहा : आरंभीचे 900, अधिक 41,260, वजा 39,310, म्हणजे बरोबर 2,850. शिल्लक शून्य असण्याची गरज नाही. ती कोणत्या व्यवहारांची आहे हे सांगता आले पाहिजे.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. म्हणून क्यूआरच्या हप्त्यात कपात दिसली तर विचारावे : ग्राहकाने क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्ड किंवा वॉलेट वापरले का, ध्वनिपेटीचे भाडे कापले का, की परत घेतलेल्या मालाचा परतावा याच हप्त्यातून वळता झाला?

कार्डाची रक्कम सोमवारी आली : 27,638 रुपये 92 पैसे. 28,000च्या बॅचमध्ये रुपे डेबिटचे 6,000 होते, त्यांवर शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांच्या 10,000वर 0.90 टक्के दराने 90 रुपये. 20 लाखांपेक्षा अधिक उलाढालीच्या दुकानास रिझर्व्ह बँकेने ठरविलेली ही कमाल मर्यादा आहे. क्रेडिट कार्डाच्या 12,000वर करारातील दर 1.80 टक्के धरला, तर 216. एकूण 306 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 55 रुपये 8 पैसे. क्रेडिट कार्डाच्या दरास अशी सरकारी मर्यादा नाही, म्हणून आपला करार काढून दर एकदा पडताळून पाहावा.

नोंद करताना बँकेच्या नावे 27,638.92, शुल्काच्या नावे 306, जीएसटी परताव्याच्या नावे 55.08 आणि ‘कार्ड येणे’स 28,000 जमा द्यावेत. खात्यात उरतात 4,500. त्या बाईंच्या साडीचे, दुसरे काही नाही. काही पेढ्यांवर हाती आलेली 27,638.92 हीच विक्री म्हणून लिहिली जाते. ते चुकीचे आहे. विक्रीवरील जीएसटी ग्राहकाने दिलेल्या पूर्ण किमतीवर लागतो. बँकेचे शुल्क हा आपला खर्च आहे. शुल्कावरील जीएसटीचा परतावा मिळविण्यासाठी बँकेच्या कर-बिलावर आपला जीएसटी क्रमांक असावा लागतो आणि ते बिल जीएसटीआर-2बी मध्ये दिसावे लागते. यंत्र घेताना हा क्रमांक दिलेलाच नसेल, तर अशा प्रत्येक बॅचमागे हे 55 रुपये सुटत राहतात. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास हा परतावा नाही, त्याने 361.08 रुपये पूर्णच खर्चात लिहावेत.

बॅच बंद करण्याचे बटन रोज दाबले जाते ना, हेही एकदा पाहावे. अनेक यंत्रे ती रात्री आपोआप बंद करतात, पण यंत्र बंद असेल किंवा जाळे नसेल तर बॅच तशीच उघडी राहते. सकाळची जमा आली नाही आणि कालच्या बॅचचा क्रमांक आजही यंत्रावर तोच दिसतो आहे, ही त्याची खूण. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. शुक्रवारची कार्ड रक्कम तेव्हा सोमवारी आली तर घाबरू नये, मात्र वहीत तसे लिहावे.

आणि 31 मार्च. वार्षिक हिशेबासाठी 1 एप्रिलला बँका ग्राहकांसाठी बंद असतात, त्यामुळे 31 मार्चची कार्ड विक्री नव्या वर्षात जमा होते. ती विक्री जुन्या वर्षाचीच. ताळेबंदात ‘कार्ड येणे’ म्हणून ती बॅच क्रमांकासह दाखवावी आणि 2 एप्रिलच्या उताऱ्यावर त्या जमेसमोर तोच क्रमांक लिहून ठेवावा. लेखापरीक्षक तेच पान मागतो.