वही आणि कार्ड

दुपारी कॉलेज सुटले की मी तालुक्याच्या गावातील एका मोठ्या किराणा-भांडारात बिलाच्या काउंटरवर उभी राहते. चार ते नऊ. या पाच तासांत माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघणारे वाक्य म्हणजे, ‘मोबाईल नंबर सांगा.’ गिऱ्हाईक नंबर सांगते, मी तो यंत्रात घालते, शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट जमा होतो आणि एका पॉइंटचा एक रुपया पुढच्या बिलात वजा होऊ शकतो. याला दुकानात ‘लॉयल्टी’ म्हणतात.

यंदा आम्हा बी.ए.च्या विद्यार्थ्यांना वाणिज्य शाखेतला एक विषय ऐच्छिक म्हणून घेता आला. मी विपणन घेतले. त्यात ‘ग्राहक-संबंध व्यवस्थापन’ असे भारदस्त नावाचे प्रकरण निघाले. गिऱ्हाईक कोण, काय घेते, किती दिवसांनी येते, याची नोंद ठेवावी आणि त्या नोंदीवरून त्याच्याशी वागावे, असा त्याचा सरळ अर्थ. वर्गात सरांनी विचारले, ‘याचे उदाहरण कोण देईल?’ सर्वांनी मोठमोठ्या दुकानांची नावे सांगितली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमच्या गावच्या वाण्याची लाल कापडी बांधणीची वही आली. मी गप्प बसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. उधारीची गोष्ट वर्गात कशी सांगावी, हा संकोच आडवा आला. तो संकोच आज या पानांवर सोडते.

त्या वहीत आमच्या घराचे एक पान होते. आई किती किलो ज्वारी नेते, चहापूड कधी संपते, पोळ्याला गूळ किती लागतो, हे वाणीकाकांना पाठ होते. २०१८ च्या दुष्काळात दादांची मजुरी चार महिने बुडाली, तेव्हा काकांनी एक दिवसही माल नाकारला नाही. ते धर्मादाय करीत होते असे मात्र कोणी समजू नये. उधारीच्या गिऱ्हाइकाला डाळ बाजारापेक्षा दोन-तीन रुपयांनी महागच पडे, आणि बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची आईची छाती नव्हती. पण एक गोष्ट खरी होती. आम्ही पैसे बुडवले असते तर काकांचे नुकसान झाले असते. नोंद ठेवणारा त्या नोंदीपायी स्वतः काही धोका पत्करीत होता.

आता कार्डाचा हिशेब पाहू. समजा, एक काकू महिन्याला ३००० रुपयांचा किराणा भरतात आणि शंभर रुपयांच्या मालामागे दुकानाला बारा रुपये सुटतात. म्हणजे काकूंकडून दुकानाला ३६० रुपये मिळतात. पॉइंट सुरू झाले की त्यांतले ३० रुपये काकूंना परत जातात. काकू पूर्वीही ३००० चाच माल घेत होत्या आणि आताही तेवढाच घेतात, तर हे ३० रुपये दुकानाने अक्षरशः उचलून दिले. नवे काही मिळवले नाही. ते भरून यायचे तर काकूंनी दर महिन्याला सुमारे पावणेतीनशे रुपयांचा जास्त माल घेतला पाहिजे. आणि हे प्रत्येक कार्डवाल्या गिऱ्हाइकाने केले पाहिजे. तिघांपैकी एकीनेच खरेदी वाढवली, तर तिला एकटीला सव्वाआठशे रुपयांच्या आसपास वाढवावी लागेल. काही जणींचे पॉइंट न वापरताच मुदत संपून बुडतात, तेवढा दुकानाचा भार हलका होतो. पण ज्या योजनेचे गणित गिऱ्हाइकाच्या विसराळूपणावर जमते, तिला संबंध जोडणारी योजना कोण म्हणेल?

मग दुकाने ही कार्डे काढतात तरी का? याचे उत्तर मला इंग्लंडातल्या टेस्कोच्या हकीकतीत सापडले. मोजक्या दुकानांत प्रयोग करून झाल्यावर टेस्कोने फेब्रुवारी १९९५ मध्ये देशभर ‘क्लबकार्ड’ सुरू केले. परतावा साधारण एका टक्क्याचाच होता. प्रतिस्पर्धी सेन्सबरीच्या प्रमुखांनी ‘ही तर जुनी ग्रीन शील्ड स्टॅम्पचीच विजेवर चालणारी आवृत्ती’ अशा अर्थाची थट्टा केली. ही तिकिटे खरेदीवर मिळत आणि वहीत चिकटवून त्यांच्या बदल्यात वस्तू घेता येत; टेस्कोने स्वतःच ती १९७७ साली बंद केली होती. थट्टा वरवर पाहता रास्तच होती. पण त्या तिकिटांवर कोणाचे नाव नव्हते. कार्डावर होते, आणि सारा फरक तेथे होता.

प्रयोगातल्या नोंदींचा अभ्यास क्लाइव्ह हंबी आणि एडविना डन या पतिपत्नींच्या डनहंबी कंपनीने केला. तो पाहून टेस्कोचे अध्यक्ष इयान मॅक्लॉरिन चकित झाले. तीस वर्षांत आपल्याला गिऱ्हाइकांविषयी जे कळले नाही ते या लोकांना तीन महिन्यांत कळले, आणि याचीच आपल्याला भीती वाटते, अशा आशयाचे ते बोलल्याचे सांगतात. टोपलीत काय काय एकत्र पडते यावरून कोणते घर काटकसरीचे, कोणते तयार अन्नावर भागवणारे, कोणते ताजी भाजी निवडणारे, हे ओळखता येऊ लागले. स्वस्ताई करायची तर सरसकट न करता, पैशाकडे बारकाईने पाहणारी घरे ज्या वस्तू प्रामुख्याने घेतात त्यांचेच भाव उतरवता येऊ लागले. त्याच वर्षी टेस्कोने सेन्सबरीला मागे टाकले आणि १९९६ मध्ये सेन्सबरीने स्वतःचे कार्ड काढले. थट्टा तेवढ्यावर संपली. क्लबकार्ड हे या यशाचे एकमेव कारण होते असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो एक टक्का टेस्कोने निष्ठेसाठी मोजला नव्हता, नोंदीसाठी मोजला होता. नोंद वापरायचीच नसेल तर तो एक टक्का वाया.

आमच्या भांडारात नेमके हेच होते. महिन्याच्या बैठकीत साहेब सांगतात, ‘कार्डवाल्यांचे सरासरी बिल नऊशेचे, बिनकार्डवाल्यांचे चारशेचे. बघा योजना कशी चालते ती!’ मला मात्र काउंटरवरून उलटेच दिसते. ज्यांच्या घरी आठ माणसे जेवतात त्यांनी कार्ड घेतले, कारण त्यांचे बिलच मोठे. काडेपेटी आणि साबण घेणारा कशाला नंबर सांगत बसेल? कार्डामुळे बिल वाढले नाही, बिलामुळे कार्ड आले.

खरे पाहायचे असेल तर उपाय सोपा आहे. समजा, दुकानाकडे हजार नंबर आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यांतले पाचशे निवडावे आणि त्यांनाच तेलाच्या डब्यावर वीस रुपये सवलतीचा संदेश पाठवावा. उरलेल्या पाचशेंना काही कळवू नये. पहिल्या पाचशेंपैकी ६० जणांनी डबा नेला, तर साहेब म्हणतील, साठ डबे संदेशामुळे खपले. पण न कळवलेल्या पाचशेंतूनही ४५ जणांनी डबा नेला असेल, तर संदेशामुळे खपले ते फक्त पंधरा. सवलत मात्र साठांना दिली, म्हणजे बाराशे रुपये गेले. एकेका जादा डब्यामागे ऐंशी रुपये पडले, आणि डब्यावर नफा त्याहून कमी असेल तर प्रत्येक डब्याला खोट. त्या न कळवलेल्या पाचशेंशिवाय हे कधीच उमगणार नाही.

यापूर्वीची अडचण अशी की, नोंदच मुळी खरी आहे का? मध्यंतरी आमच्या भांडारातले ‘सर्वांत निष्ठावंत गिऱ्हाईक’ शोधून त्याला दिवाळीची भेट द्यायचे ठरले. यंत्राने एक नंबर काढून दिला. त्या नंबरावर एकाच दिवशी चौदा बिले होती, काही तर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. तो नंबर आमच्यातल्याच एका मुलाच्या मेहुण्याचा निघाला. ज्यांना नंबर सांगायचा नसे त्यांच्या बिलावर तो हा नंबर घालीत असे. त्याला काढून टाकण्यात आले. त्याने केले ते गैरच. पण रोज इतके नंबर मिळालेच पाहिजेत, असा तगादा आम्हा सर्वांवर होता, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही. खरे तर बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना कळवलेले आहे.

दुसरी खोट अधिक साधी आहे. आमच्याकडच्या कित्येक बायका नवऱ्याचा नंबर सांगतात. खरेदी ती करते, संदेश त्याला पुण्याला कारखान्यात जातो. यंत्राच्या लेखी गहू, कुंकू आणि मुलीची वेणीची रिबीन घेणारा एक पुरुष आहे. पाठवा त्याला सवलती!

आणि आता दोन भावांची पद्धत आली आहे. एका पट्टीवर सदस्यांचा भाव, खाली इतरांचा. टेस्कोनेही २०१९ पासून ही वाट धरली. इतरांचा भाव मुद्दाम फुगवतात की काय, अशी शंका मलाही होती. पण तेथील स्पर्धा-नियामकाने सुमारे पन्नास हजार वस्तू तपासून नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले की, शंभरातल्या ब्याण्णव वस्तूंवर सदस्यांना खरोखरच बचत होते. तेव्हा फसवणुकीचा आरोप मी मागे घेते. माझी तक्रार निराळी आहे. ज्या आजीकडे फोनच नाही तिने कोणता नंबर सांगावा? गेल्या आठवड्यात अशा एक आजी आल्या. साखरेच्या पट्टीवरचा वरचा भाव त्यांनी बोटाने वाचला होता, आणि बिल खालच्या भावाचे निघाले. ‘पोरी, मी रोख देत्ये की गं,’ त्या म्हणाल्या. उधारीवाल्याला महाग, रोखवाल्याला स्वस्त, हा त्यांच्या ओळखीचा न्याय. त्यांना मी काय समजावणार? मागे रांग होती. मी माझ्या आईचा नंबर घातला. म्हणजे त्या मुलाने केले तेच मीही केले. फरक एवढाच की कमी झालेले चार रुपये आजींच्या हाती गेले. पॉइंट मात्र आईच्या खात्यावर पडले, हे मला रात्री आठवले.

चिठ्ठ्या टाकून पाचशे नंबर वगळण्याची कल्पना मी साहेबांना कागदावर लिहून दिली आहे. विपणनाच्या सरांनी तो कागद आधी तपासला होता. ‘पाचशे लोकांना सवलत नाही म्हणजे पाचशे गिऱ्हाइके तुटतील,’ असे साहेब म्हणाले. मी म्हटले, ज्यांना संदेश गेलाच नाही, ते कशाने तुटतील? त्यांनी कागद गल्ल्याखाली ठेवला आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले.