पावतीवरचे नाव कोणाचे?

उधारीवर माल देण्यापूर्वी समोरच्या पेढीची चौकशी करणे आपल्या व्यापारी घरांत अंगवळणी पडले आहे. शिकवणीचे शुल्क आगाऊ भरणे हीसुद्धा एक उधारीच होय. पैसे आज द्यायचे आणि शिकवणी वर्षभर घ्यायची. तेथे मात्र ही चौकशी सहसा होत नाही.

गतवर्षी जूनमध्ये परिचयातील एक कापड व्यापारी मुलाच्या ऑनलाइन शिकवणीचा प्रवेश-अर्ज घेऊन माझ्याकडे आले. शुल्क एक लाख वीस हजार, एकरकमी. जाहिरातीतील नाव तर केवळ व्यापारचिन्ह होते; अर्जाच्या तळाशी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव व एकवीस अक्षरी-अंकी ओळख क्रमांक बारीक अक्षरांत छापलेला होता. कंपनीने हा क्रमांक आपल्या बिलांवर व पत्रांवर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तो नसेल तर आधी मागून घ्यावा.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती विनाशुल्क पाहता येते. तेथे या कंपनीची स्थिती ‘Active’ दिसली आणि आमचे स्नेही निश्चिंत झाले. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की कंपनीचे नाव नोंदवहीतून वगळलेले नाही. मी पुढच्या नोंदी दाखवल्या. शेवटचा ताळेबंद 31 मार्च 2022 चा होता. म्हणजे नंतरचे दोन ताळेबंद दाखल करण्याची मुदत उलटून गेली होती. भरणा झालेले भांडवल अवघे एक लाख, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या शुल्काहूनही कमी. अशी कंपनी बुडाल्यास पालक हा विनातारण धनको ठरतो, आणि भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरतीच मर्यादित राहते.

तेथे संचालकांची नावे दिसतात. परंतु संचालक म्हणजे मालक नव्हे. खरे प्रवर्तक कोण, हे कंपनीच्या वार्षिक विवरणपत्रातील भागधारकांच्या यादीवरून कळते. अल्प शुल्क भरून ते पाहता येते.

संस्था कंपनी नसून भागीदारी वा एकट्याची मालकी असेल, तर या नोंदवहीत तिचा शोध व्यर्थ होय. अशा वेळी पावतीवरील जीएसटी क्रमांक gst.gov.in वर तपासावा. तेथे कायदेशीर नाव व व्यवसायाचे स्वरूप कळते. त्या क्रमांकाचे सहावे अक्षर C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी, P असेल तर व्यक्ती.

अखेरीस मी विचारले, ‘पैसे कोणत्या खात्यात भरायचे?’ ते खाते एका व्यक्तीच्या नावाचे निघाले. स्नेह्यांनी कंपनीच्या खात्यात दरमहा हप्त्याने शुल्क भरण्याची तयारी दर्शविली. संस्थेने नकार दिला, आणि त्यांनी प्रवेश रद्द केला.

या नोंदींवरून शिकवणीचा दर्जा कळत नाही. जाहिरात, करार, पावती आणि बँक खाते या चारही ठिकाणी नाव एकाच पक्षाचे आहे काय, एवढे मात्र निश्चित कळते. ते जुळेपर्यंत शुल्क भरू नये.