मिश्रणाची परीक्षा कोणावर?

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. डब्यावरचा लाल त्रिकोण उंदरांवरच्या चाचण्यांतल्या मारक मात्रेवरून ठरतो, तोही एकेका औषधाचा. शेतात मात्र पंपात दोन-तीन औषधं एकत्र पडतात. अशी प्रत्येक जोडी तपासायला किती उंदीर मारणार? रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी मांडलेली पर्याय, घट आणि सौम्यता ही त्रिसूत्री इथे कामी येते. प्राण्याला पर्याय म्हणून शस्त्रक्रियेत काढलेली मानवी त्वचा काचपात्रात ताणून बसवतात, वर औषध सोडतात आणि खालच्या द्रवात किती उतरलं ते ठरावीक वेळाने मोजतात. पण त्वचेला यकृत नसतं आणि काही कीटकनाशकं यकृतातच जास्त विषारी होतात. म्हणून यकृतपेशींची चाचणी आणि संगणकीय गणित जोडावं लागतं. मिश्रणांची ही तपासणी विक्रीआधीच सक्तीची हवी.