थेट प्रक्षेपणातली देणगी : पडद्यावर आज, बँकेत केव्हा?

बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने आता यूट्यूबवरून थेट दाखवले जातात. मुंबईत किंवा आखातात नोकरीला असलेले गाववाले ते पाहतात आणि खूश होऊन पैसेही पाठवतात. या सोयीला Super Chat म्हणतात. पैसे देणाऱ्याचा संदेश रंगीत चौकटीत झळकतो, समालोचक नाव आणि रक्कम वाचून दाखवतो आणि मैदानात टाळ्या पडतात. पुष्कळ आयोजक तेवढ्यावर ती रक्कम जमा धरून बक्षिसांचे आकडे जाहीर करतात. आमच्या मते हिशेबाची गफलत इथूनच सुरू होते.

हे पैसे प्रथम दिसतात ते YouTube Studio मध्ये. तिथे Analytics उघडून Revenue या भागात गेले की जाहिरातींचे उत्पन्न वेगळे आणि Supers या नावाखाली थेट प्रक्षेपणातले उत्पन्न वेगळे दाखवलेले असते. मात्र हा आकडा अंदाजाचा असतो. प्रेक्षकाने दिलेल्या रकमेतून आधी कर वजा होतो. त्याने आयफोनवरून पैसे दिले असतील तर ॲपलचे शुल्कही जाते. उरलेल्यातले 70 टक्के चॅनलवाल्याचे आणि 30 टक्के यूट्यूबचे. एखाद्याला पैसे परत केले गेले, तर चॅनलवाल्याचा वाटाही वजा होतो.

पक्का आकडा AdSense for YouTube या खात्यात पुढल्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेदरम्यान चढतो. तो आणि आधीची शिल्लक मिळून 100 डॉलरच्या वर गेली, तरच त्याच महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान पैसे बँकेकडे रवाना होतात. त्यानंतर बँकेचे काही दिवस वेगळे.

एक उदाहरण घेऊ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पर्धा झाली आणि कर वगैरे वजा जाता Super Chat मधून 10,000 रुपये जमले. चॅनलचा वाटा 7,000 रुपये. फेब्रुवारीच्या 12 तारखेपर्यंत ते खात्यात दिसतील. पण डॉलर 85 रुपयांचा धरला, तरी 100 डॉलर म्हणजे 8,500 रुपये. चॅनलला दुसरे उत्पन्न नसेल, तर फेब्रुवारीत एक पैसाही निघणार नाही. फेब्रुवारीत आणखी 2,000 रुपयांची भर पडली, तर मार्चच्या 21 तारखेनंतर सारे एकदम मिळतील. भर पडलीच नाही, तर रक्कम बुडत नाही, पण अडकून राहते. विजेत्या संघाला मात्र बक्षीस जानेवारीतच हवे असते.

नव्या चॅनलची आणखी एक अडचण असते. शिल्लक 10 डॉलरपर्यंत गेली की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक PIN येतो. तो यायला काही आठवडे लागू शकतात. पत्त्यात वाडी-मोहल्ल्याचे नाव नीट नसेल, तर पाकीट पोस्टातच फिरत राहते आणि PIN भरेपर्यंत रक्कम रोखलेली असते. Studio मध्ये पैसे दिसतात पण बँकेत येत नाहीत, असे झाले की AdSense मधले Payments हे पान पाहावे. रक्कम कशामुळे थांबली, ते तिथे लिहिलेले असते.

खेळाच्या बाबतीत उशीर एक वेळ चालेल, पण संकटात तो परवडत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरची घरे आणि सुपारीच्या बागा झोपवल्या. त्या आठवड्यात मुंबईतल्या कोणी छपरांच्या पत्र्यांसाठी Super Chat मधून मदत मागितली असती, तर ते पैसे जुलैच्या 21 तारखेनंतर सुटले असते. म्हणजे निम्मा पावसाळा उघड्या घरात काढल्यावर. शिवाय दात्याने दिलेल्या रकमेतला मोठा हिस्सा वाटेतच गेला असता. ही सोय देणग्या गोळा करण्यासाठी नाही, असे यूट्यूबनेच सांगितले आहे. येणारी रक्कमही समितीच्या नव्हे, तर चॅनल ज्याच्या नावावर आहे त्याच्या बँकेत जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे की मदतीचे पैसे समितीच्या बँक खात्यात सरळ घ्यावेत आणि पावती द्यावी. Super Chat हे चॅनल चालवणाऱ्याच्या मेहनतीचे उत्पन्न समजावे. त्यातला वाटा स्पर्धेला द्यायचा ठरला असेल, तर किती आणि कोणत्या महिन्यात, हे आधीच कागदावर लिहावे. समालोचकानेही ‘रक्कम जमा झाली’ असे न म्हणता ‘पाठवली’ एवढेच म्हणावे. लोकांचा पैसा ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब बँकेच्या नोंदीवरून मांडायचा असतो.