मागच्या पानाची अक्षरे

बेळगाव १९५६ पूर्वी मुंबई राज्यात असताना लिहिलेले मराठी कागद आज बहुधा छायाप्रतींच्या रूपानेच आपल्या हाती येतात. मूळ कागद पातळ, शाई मुरलेली. त्यामुळे मागील मजकूर पुढे उमटतो. प्रत फिकट आली की यंत्राची गडदता वाढवून मागण्याची आपली रीत आम्हांस घातक वाटते. अक्षराबरोबर मागची सावलीही तितकीच काळी होते.

उमटलेले अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. शिरोरेघ वरच राहते, म्हणून डोळा फसतो; परंतु प, त, स यांचा काना डावीकडे गेलेला दिसतो. अंकांत मात्र ही खूण पुरत नाही, कारण मागचा ३ पुढून जवळजवळ ६ भासतो. समजा, सर्व्हे क्रमांक १२६ वाचला, पण त्यातील ६ किंचित फिकट व ओळीपासून ढळलेला आहे. अशा वेळी मागील पानाची प्रत उलटी करून खिडकीच्या काचेवर पुढच्या प्रतीशी जुळवावी. त्याच जागी ३ आला, तर तो ६ मागचा असून क्रमांक १२ असण्याचीच शक्यता अधिक.

मूळ कागदाची प्रत काढताना त्यामागे काळा कागद ठेवावा. यंत्राचे पांढरे झाकण कागदातून आलेला प्रकाश परतवते, म्हणूनच मागची शाई दिसते. काळा कागद तो प्रकाश गिळतो. प्रतीच्या प्रतीला हा उपाय लागू पडत नाही, तेथे सावलीही छापलेलीच असते. म्हणून कचेरीत अर्ज देतानाच ‘मुळावरून, मागे काळा कागद ठेवून, दोन्ही बाजूंची प्रत’ असे स्पष्ट लिहावे. कोऱ्या भासणाऱ्या बाजूचीही.