सहा बाय सहा म्हणजे सगळं दिसतं असं नाही

बसमध्ये पांढरी काठी मांडीवर आडवी ठेवून एखादा प्रवासी मोबाइलवरचा मजकूर वाचताना दिसला, की शेजारच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘वाचता येतं, मग आंधळा कसला?’ हा प्रश्न कोणी उघड विचारतो, कोणी मनात ठेवतो. पण त्या प्रवाशाची नजर तक्त्यावर ६/६ भरत असेल आणि कायद्याने तो अंधही असेल. यात लबाडी नाही. तक्ता एक गोष्ट मोजतो आणि कायदा दोन, एवढाच याचा अर्थ.

डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता १८६२ मध्ये हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने तयार केला. ६/६ मधला वरचा आकडा म्हणजे रुग्ण तक्त्यापासून किती मीटरवर बसला आहे ते अंतर. खालचा आकडा म्हणजे त्याने वाचलेली सर्वांत बारीक ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता यायला हवी ते अंतर. म्हणून ६/६० याचा अर्थ असा, की जे अक्षर इतरांना साठ मीटरवरून वाचता येतं, त्यासाठी या व्यक्तीला सहा मीटरवर यावं लागतं. ही टक्केवारी नव्हे. ६/१२ म्हणजे निम्मी नजर नव्हे आणि ६/६ म्हणजे पैकीच्या पैकी गुणही नव्हेत. अनेक तरुणांना त्याच्या खालची ६/५ ची ओळही वाचता येते.

६/६ च्या ओळीतलं अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. त्यातल्या इंग्रजी ‘ई’च्या तीन आडव्या रेघा आणि दोन मोकळ्या फटी सारख्याच जाडीच्या, प्रत्येकी जेमतेम पावणेदोन मिलिमीटरच्या. सहा मीटरवरून ती फट वेगळी ओळखता आली, की नजर ६/६. ६/६० चं सर्वांत वरचं अक्षर याच्या दहापट, म्हणजे सुमारे पावणेनऊ सेंटिमीटर उंच असतं. तेही वाचता आलं नाही तर रुग्णाला पुढे बोलावतात. तीन मीटरवर आल्यावर ते वाचलं, तर नोंद ३/६० होते.

कायद्याची पहिली रेघ इथेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार, शक्य तेवढी दृष्टी सुधारून घेतल्यावरही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, तर ती व्यक्ती अंध. त्यामुळे चष्मा काढल्यावर तक्त्यावरचं काहीच न दिसणारा, पण चष्म्याने ६/६ वाचणारा माणूस या रेघेच्या अलीकडेच राहतो. उलट, कायद्याने अंध असलेल्या अनेकांना उजेड, हालचाल, समोरच्या माणसाची आकृती कळते. अंध म्हणजे मिट्ट काळोख, हे समीकरणच चुकीचं आहे.

दुसरी रेघ मात्र तक्त्यावर नाहीच. दृष्टिक्षेत्र दहा अंशांपेक्षा कमी उरलं, तरीही व्यक्ती कायद्याने अंध ठरते. हात लांब करून मूठ समोर धरली, तर तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. सहा मीटरवर एवढ्या कोनात जेमतेम एक मीटर रुंदीचा भाग मावतो. तक्त्याची अक्षरं त्यात सहज बसतात, पण रस्ता बसत नाही.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात नेमकं असंच होतं. आधी रातांधळेपणा येतो, मग कडेची नजर आत आत सरकत जाते आणि बारीक अक्षरं वाचणारा मध्यभाग बहुधा शेवटपर्यंत टिकतो. असा माणूस मोबाइल वाचतो, पण पायाशी पडलेली पिशवी त्याला दिसत नाही. बाजूने येणारी रिक्षा अंगावर आल्यावरच कळते. काठी हवी असते ती यासाठी. काचबिंदूतही मधली नजर बराच काळ शाबूत राहते, म्हणून रुग्णाला आणि घरच्यांनाही शंका येत नाही.

म्हणूनच फक्त तक्ता वाचून घेऊन ‘डोळे ठीक आहेत’ असा निर्वाळा देण्याची सवय मोडायला हवी. दाराच्या चौकटीला खांदा लागणं, पायरी चुकणं, अंधारात चाचपडणं अशी तक्रार असेल किंवा घरात कोणाला काचबिंदू असेल, तर ६/६ वर समाधान मानू नये. डोळ्याचा दाब, मागच्या नसेची तपासणी आणि गरजेनुसार दृष्टिक्षेत्राची ‘फील्ड टेस्ट’ मागून घ्यावी. या चाचणीत नजर मधल्या ठिपक्यावर स्थिर ठेवून कडेला चमकणारा दिवा दिसताच बटण दाबायचं असतं. तक्ता जे विचारत नाही, ते ही चाचणी विचारते.

आणि बसमधल्या त्या प्रवाशाने काठीबरोबर मोबाइलही हातात धरला, तर त्याच्याकडून खुलासा मागू नये. थोडं सरकून त्याला वाट द्यावी.